पावसाचं नवं साल

पाऊस मोजणाऱ्यांचं नवं वर्ष १ जूनला उगवतं. त्या सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं जातं, नोंदवहीत आकडा पडतो आणि आलेखाच्या कागदावर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून एक नवी रेघ निघते. आदल्या वर्षीची रेघ कितीही उंच गेलेली असो, ती मिटलेली असते. मग चार महिने रोज सकाळी या रेघेला एकेक तुकडा जोडला जातो. पाऊस पडला तर रेघ वर चढते, नाही पडला तर आडवी चालते. खाली मात्र ती कधीच येत नाही, कारण पडलेला पाऊस कुणाला परत घेता येत नाही. ३० सप्टेंबरला तिचा प्रवास संपतो. शेजारी आणखी एक रेघ असते, गुळगुळीत आणि तुटक ठिपक्यांची. ती सरासरीची. या दोन रेघांमधलं अंतर पाहून सरकार, शेतकरी, धरणावरचे अभियंते आणि आपण वर्तमानपत्र वाचणारे लोक ‘यंदा पाऊस इतका कमी’ किंवा ‘इतका जास्त’ असं म्हणतो.

हा आलेख हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आता रोज ताजा होतो, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. मोजणी सुरू कधी करायची? हिशेबाला शून्य कुठं मानायचं? आपल्या मुलखानं या प्रश्नाचं एक उत्तर पर्जन्यमापक येण्याच्या कित्येक शतकं आधी दिलं होतं.

हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान आणि ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. आमच्या घरातल्या मुलांनी थंडीतली ईद पाहिली आहे आणि भर उन्हाळ्यातलीही. इबादतीला याची अडचण नाही. पण सारा वसूल करणाऱ्याला आहे, कारण पीक चंद्र पाहून येत नाही. म्हणून दख्खनमध्ये चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात, एक वेगळं साल रूढ झालं. त्याला शुहूर सन म्हणतात, अरबी सन म्हणतात, आणि रयतेच्या तोंडी त्याचं सुंदर नाव आहे ‘मृगसाल’. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे साल बदलतं. आकडे अरबी शब्दांत, मोजणी सौर वर्षाची आणि आरंभ पावसाच्या तोंडावर. पेशवे दप्तरातल्या कागदांवर ‘सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं दिसतं. सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मिळून ११६०. त्यात ५९९ मिळवले की १७५९चा पावसाळा येतो. मराठी राज्याचा हिशेब कित्येक पिढ्या अशा सालात चालला, जे पावसाबरोबर नवं होत असे.

मृग आता ७ किंवा ८ जूनला लागतो. हवामान खात्याचा पावसाळा १ जूनला लागतो. दोघांत आठवड्याचं अंतर असलं तरी विचार एकच आहे, की वर्षाची सुरुवात तिथं करावी जिथं गेल्या वर्षीचं पाणी संपलेलं असतं आणि नव्याची वाट पाहायची असते.

मोजणीची आधुनिक व्यवस्था इंग्रजांच्या काळात आली. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६मध्ये उभारली आणि त्याच शतकाच्या मध्यापासून तिथं पावसाच्या नोंदी चालू आहेत. १८७५मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला, आणि पाऊस मोजणं ही केवळ हौशी विद्वानांची गोष्ट उरली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्याच्या कचेऱ्यांच्या आवारात सायमन्सचा पर्जन्यमापक रोवला गेला. पाच इंच व्यासाचं नसराळं, त्याखाली बाटली, आणि तोंड जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडू नयेत. एक कारकून रोज सकाळी बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओततो आणि आकडा लिहितो. महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांचा शतकभराचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे, तो अशा रोजच्या एका ओळीच्या कामामुळे.

आता सकाळी साडेआठच का? जगभरच्या वेधशाळा ग्रिनिचच्या घड्याळानुसार ठरलेल्या वेळी निरीक्षणं घेतात आणि ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजले की आपल्याकडे साडेआठ होतात. म्हणून आपला पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, साडेआठला संपतो. आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते ‘आजचा पाऊस’ म्हणून नोंदलं जातं. हे नीट समजून घेतलं नाही, तर आलेख वाचताना घोटाळा होतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईकरांच्या अंगावर काटा आणणारं आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला विमानतळाजवळच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बहुतेक सगळा दुपारनंतर पडला. लोकांनी ती तारीख मनात कोरून ठेवली. पण हवामानाच्या नोंदींत तो आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे, म्हणून तारखेच्या रकान्यात तो २७ जुलैसमोर येतो. कुणी अभ्यासक २६ तारखेसमोरचा आकडा उचलेल, तर त्याला तो प्रलय सापडणारच नाही.

त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एकाच शहराची दोन टोकं, वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर, एकीकडे ९४४ आणि दुसरीकडे ७३. ‘मुंबईचा पाऊस’ असा एक आकडा नसतो, हे इथं कळतं. आलेख नेहमी एका ठिकाणच्या, सात-आठ इंचांपेक्षा रुंद नसलेल्या तोंडाच्या भांड्यातला असतो. जिल्ह्याचा किंवा राज्याचा आकडा अशा अनेक भांड्यांची सरासरी काढून तयार होतो.

आता हे ९४४ मिलिमीटर त्या चढत्या रेघेत घालून पाहू. सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरीनं तेवीसशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका दिवसानं साऱ्या मोसमाच्या दोन-पंचमांश इतकं पाणी ओतलं. आलेखावर ती एक उभी भिंत दिसते. त्यानंतर समजा तीन आठवडे थेंब पडला नाही, तरी रेघ सरासरीच्या वरच राहू शकते. एकत्रित बेरजेचा हा स्वभाव आहे. ती काहीच विसरत नाही. जुलैतल्या एका दिवसाचं कर्ज किंवा पुण्याई ती सप्टेंबरपर्यंत वाहत राहते. त्यामुळे रेघ वर आहे म्हणून आज जमिनीत ओल आहे असं मानता येत नाही.

ही गोष्ट शेतात कशी दिसते पाहा. दोन गावं कल्पू या. दोन्हींत ३१ जुलैपर्यंत ३०० मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्यात दर आठवड्याला दोन-तीन सरी, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिलिमीटर. दुसऱ्यात जूनच्या अखेरीला दोन दिवसांत २४० मिलिमीटर कोसळला आणि उरलेला सुटा सुटा. तक्त्यात दोन्ही गावं सारखी. पण दुसऱ्या गावात पाणी ओढ्यानं वाहून गेलं, माती घेऊन गेलं आणि जुलैत सोयाबीन पिवळी पडली. फरक बेरजेत नाही, रेघेच्या आकारात आहे. पहिल्याची रेघ घाटातल्या रस्त्यासारखी हळूहळू चढते, दुसऱ्याची पायरीसारखी. म्हणून असा आलेख वाचताना टोक कुठं आहे हे शेवटी पाहावं. आधी आडवे तुकडे मोजावेत. किती दिवस रेघ सपाट होती आणि तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होतं, हा खरा प्रश्न असतो. केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ नियमावलीतही एकूण तुटीबरोबर सलग तीन-चार आठवड्यांचा खंड वेगळा मोजला आहे, तो यासाठीच.

ही जाणही नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ हातभर रुंद तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पुरेसा, याची यादीही आहे. त्यात गोदावरीच्या खोऱ्यातला अश्मक कमी पावसाचा आणि अपरान्त, म्हणजे आपलं कोकण, अमाप पावसाचा. पण कौटिल्य तिथं थांबत नाही. पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक-तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन-तृतीयांश पडला तर पाऊस चांगला झाला, असं तो सांगतो. म्हणजे नुसती बेरीज नव्हे, तर बेरीज कशी चढत गेली हे पाहा. आजची ठिपक्यांची सरासरी रेघ काढली, तर तिचाही आकार असाच निघतो. जूनमध्ये मंद, जुलै-ऑगस्टमध्ये ताठ, सप्टेंबरमध्ये पुन्हा मंद.

आता शून्याकडे परत येऊ. १ जूनला मोजणी शून्यावर आणणं सोयीचं आहे. केरळात मोसमी पाऊस सरासरीनं याच तारखेला येतो आणि देशातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. पण पावसानं ही तारीख वाचलेली नसते.

२०२५चं साल घ्या. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मेला आला आणि मुंबईत २६ मेला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी. कुलाब्याला त्या एका मे महिन्यात ४०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि १९१८च्या मे महिन्याचा २७९ मिलिमीटरचा विक्रम मोडला. रस्ते तुंबले, भुयारी रेल्वेच्या नव्या स्थानकात पाणी शिरलं. विहिरी आणि ओढे जूनची वाट न पाहता बोलू लागले. आणि मग १ जून उगवला. आलेखाची रेघ पुन्हा शून्यावर. मेमधला तो सगळा पाऊस खात्याच्या हिशेबात ‘मोसमपूर्व’ रकान्यात गेला, जरी त्यातल्या शेवटच्या काही दिवसांचा पाऊस खुद्द खात्यानं मोसमी म्हणून जाहीर केला होता. त्यानंतर मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मोसमी वारे अडखळले. ज्या जमिनीनं नुकताच विक्रमी पाऊस प्यायला होता, तिच्या नावापुढे रकान्यात शून्य आणि त्याला लागून तूट.

यात कुणाची लबाडी नाही. दर वर्षी शून्य हलवलं, तर एका वर्षाची दुसऱ्याशी तुलनाच करता येणार नाही. शंभर वर्षांच्या रेघा एकमेकींवर ठेवून पाहायच्या, तर सगळ्यांचा आरंभ एकाच ठिकाणी हवा. मात्र वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं, की शून्य हे पावसाच्या वहीतलं आहे, मातीतलं नाही.

दुसऱ्या टोकालाही हेच. २०१९मध्ये मोसमी पावसानं परतीचा प्रवास सुरू केला तो ९ ऑक्टोबरला, तोपर्यंतच्या नोंदींत सर्वांत उशिरा. मुंबईतून तो निघून जाण्याची सरासरी तारीखच आता ८ ऑक्टोबर धरतात. तरी ३० सप्टेंबरनंतर पडलेला थेंब त्या चार महिन्यांच्या बेरजेत येत नाही. काढणीला आलेल्या सोयाबीनवर आणि भातावर ऑक्टोबरात जे कोसळतं, ते शेतकऱ्याच्या लेखी त्याच पावसाळ्याचं असतं. आलेखात मात्र तो पावसाळा मिटलेला असतो. तामिळनाडूत तर उलटच आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून चेन्नईचे लोक ज्या रेघेकडे डोळे लावून बसतात ती १ ऑक्टोबरला शून्यातून निघते.

शून्य कुठं ठेवलं यावर विक्रमसुद्धा बदलतात. चेरापुंजीचा बारा महिन्यांचा जागतिक उच्चांक २६ मीटरहून अधिक आहे, पण तो १ ऑगस्ट १८६० ते ३१ जुलै १८६१ असा मोजलेला आहे. तोच पाऊस जानेवारी ते डिसेंबर १८६१ असा मोजला तर सुमारे २३ मीटर भरतो. ढग तेच, डोंगर तोच, बदलला तो फक्त मोजणीचा उंबरठा.

आलेखाबरोबर टक्केवारीही छापली जाते आणि तिचाही एक धोका आहे. समजा एखाद्या तालुक्यात ५ जूनपर्यंत सरासरी २० मिलिमीटर पाऊस पडतो आणि यंदा एका वळवाच्या सरीनं ५० मिलिमीटर दिला. लगेच ‘सरासरीपेक्षा १५० टक्के जास्त’ अशी बातमी होते. तेच ३० मिलिमीटरचं आधिक्य ३० सप्टेंबरला, ६०० मिलिमीटरच्या सरासरीवर, फक्त पाच टक्के असतं. पाऊस तेवढाच, भाजक बदलला. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टक्क्यांऐवजी मिलिमीटर पाहावेत. सरासरीही कायमची नसते. देशाच्या चार महिन्यांच्या पावसाची सरासरी पूर्वी ८९ सेंटिमीटर मानत, मग ८८ आणि आता १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ८७ सेंटिमीटर धरतात. म्हणजे जुन्या आणि नव्या बातम्यांतले टक्के एकाच मापानं मोजलेले नाहीत.

शेवटी त्या सपाट रेघेबद्दल. रेघ आडवी गेली की दोन गोष्टी संभवतात. पाऊस पडला नाही, किंवा पडला पण मोजला गेला नाही. आता गावोगावी स्वयंचलित केंद्रं आहेत. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली. अशा बऱ्याच यंत्रांत एक छोटी दुहेरी वाटी असते, एक बाजू भरली की कलंडते, दुसरी भरू लागते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. नसराळ्यात पान अडकलं, पाखरानं घाण केली किंवा कोळ्यानं जाळं विणलं, की वाटीपर्यंत पाणी पोचत नाही. धो धो पावसात वाटी कलंडत असतानाच काही पाणी निसटतं आणि आकडा कमी भरतो. शेजारी झाड वाढलं किंवा भिंत उभी राहिली, तरी पाऊस हळूहळू कमी मोजला जातो. यात गमतीचं काही नाही, कारण महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानतात आणि नुकसानीच्या पंचनाम्याचा रस्ता मोकळा होतो. ६३ नोंदला गेला, तर नाही. दोन मिलिमीटर म्हणजे नसराळ्यातलं एक वाळलेलं पान.

यावर जलविज्ञानातला एक साधा उपाय आहे. एका केंद्राची चढती बेरीज आणि आसपासच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरीची चढती बेरीज एकमेकांसमोर मांडायची. ढग सगळ्यांवर कमी-अधिक सारखेच येतात, म्हणून बरीच वर्षं मिळून ही रेघ जवळजवळ सरळ निघते. जिथं ती वाकते, तिथं पाऊस बदललेला नसतो, भांडं बदललेलं असतं. कुणी ते हलवलं असेल, त्यावर सावली आली असेल, मोजणारा बदलला असेल. एखाद्या दिवसाची शंका असेल तर तपासणी त्याहून सोपी आहे. शेजारच्या तीन मंडळांत ७० आणि ८० मिलिमीटर असताना मधल्यात शून्य दिसलं, तर ढगाकडे नव्हे, नसराळ्याकडे जावं.

जुन्या वेधशाळांमध्ये आणखी एक यंत्र असे. त्यात पाण्यावर तरंगणारा गोळा, त्याला लेखणी आणि घड्याळाच्या किल्लीवर फिरणारा कागदाचा नळकांड्यासारखा पिंप. पाऊस पडेल तशी लेखणी वर चढे. दहा मिलिमीटर झाले की वक्रनळीतून पाणी आपोआप सांडून जाई, लेखणी धाडकन शून्यावर येई आणि पुन्हा चढू लागे. दर सकाळी साडेआठला कागद बदलत. मोठ्या पावसाच्या दिवशी त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटे. त्या कागदावर शून्य म्हणजे पाऊस थांबल्याची खूण नव्हती. भांडं भरून रिकामं झाल्याची होती. किती पडला हे कळायला शेवटची उंची पाहून चालत नसे, दाते मोजावे लागत.

आपला चार महिन्यांचा आलेख हा त्याच कागदाचा मोठा भाऊ. ३० सप्टेंबरला त्याचंही भांडं रिकामं होतं आणि पुढच्या १ जूनला लेखणी पुन्हा तळाशी येते. धरणातलं पाणी, विहिरीची पातळी आणि सावकाराकडचं देणं मात्र त्या दिवशी शून्यावर येत नाही. ते मागच्या पानावरून पुढे ओढलेलं असतं. म्हणून येत्या जूनमध्ये ती रेघ वर्तमानपत्रात दिसेल, तेव्हा तिच्यासोबत दोन गोष्टी विचाराव्यात. मे महिन्यात काय झालं होतं? आणि गेल्या पावसाळ्याअखेर धरण किती भरलं होतं? या दोन उत्तरांशिवाय ती रेघ खरं सांगते, पण अर्धं सांगते.